अशोका गार्डनमधील एक कौलारू पाखे

भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीत आता कौलारू छप्पर शोधावेच लागते. रायसेन रस्त्याकडून आत शिरले की दुतर्फा सिमेंटच्या गच्च्याच दिसतात. तरीही एका गल्लीत आमच्या एका स्नेह्यांच्या घरामागे मंगलोरी कौलांची एकपाखी पडवी अद्याप उभी आहे. तिच्यात त्यांचे स्वयंपाकघर आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात आईंचे देवघर. आषाढात वारा सुटला की देवांवर पाणी ठिबके. दोन वेळा फुटकी कौले बदलून झाली, तरी गळती थांबेना. अखेर पाखे उतरवून पत्रे घालावेत असे ठरू लागले, तेव्हा, "मास्तर, एकदा पाहून तर जा," असा आईंचा निरोप आला.

आम्ही गेलो, तेव्हा एकही कौल फुटलेले आढळले नाही. डाग देवांच्या वर होता, पण दोष तेथे नसतोच. आत आलेला थेंब रिपेला धरून वाशावर येतो, वाशाच्या खालच्या अंगाने उतरतो आणि एखादी गाठ आडवी आली की तेथे सुटतो. म्हणून गळतीचे मूळ डागाच्या वरच्या अंगाला शोधावे. पाणी ओतून पाहायचे तर तळच्या रांगेपासून एकेक रांग वर जावे. प्रथम वरच ओतले, तर सारेच ओले होते आणि काहीच कळत नाही.

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये या कौलांचा कारखाना काढला. आपल्या मध्य प्रदेशात त्यांना इंग्रजी कवेलू म्हणतात. देशी नळीची कौले केवळ स्वतःच्या भाराने टिकतात, म्हणून ती दरवर्षी थोडी घसरतात आणि पावसाळ्यापूर्वी शाकारावी लागतात. मंगलोरी कौलाच्या पाठीला वरच्या टोकाशी उंचवटे असतात. ते रिपेला अडकतात. शिवाय वरच्या कौलाची खालची कड खालच्या कौलाच्या खाचेत बसते. रीप कुजली, वाकली किंवा उंचवटा तुटला, तरच ते घसरते. खालून पाहताना एखाद्या रांगेची कड वाकडी दिसली, तर दोष कौलात नसून बहुधा रिपेत असतो.

येथे मात्र रिपा शाबूत होत्या. आम्ही टेप लावला. कौल सोळा इंच लांब. रिपांतील अंतर साडेबारा इंच हवे, म्हणजे साडेतीन इंच भाग एकावर एक येतो. येथे अंतर चौदा इंच भरले, म्हणजे तो भाग दोनच इंच उरला, आणि वरच्या कौलाची कड खाचेत न बसता अधांतरी राहिली. पाख्याची लांबी सव्वाशे इंच. त्यात दहा रांगा बसावयाच्या, तेथे बांधणाऱ्याने नऊ बसवल्या होत्या. एक रांग वाचवण्यासाठी सारे पाखे उघडे पडले होते!

दुसरा दोष उताराचा. पडवीची आडवी रुंदी दहा फूट आणि उंचीतील फरक अवघा तीन फूट. मंगलोरी कौलांना दोन फुटांमागे निदान एक फूट उतार हवा, म्हणजे येथे पाच फूट. उतार कमी असला की पाणी रेंगाळते आणि वारा त्याला कौलांच्या फटीतून उलट वर ढकलतो. संथ पावसात ही पडवी गळत नसे, वादळातच गळे, याचे कारण हेच होते.

पावसाळा सरल्यावर काम झाले. वाशांचा वरचा टेकू दोन फूट उचलला. त्यामुळे पाख्याची लांबी नऊ इंचांनी वाढली, जुने वासे तोकडे पडले आणि नवे घ्यावे लागले. रिपा साडेबारा इंचांवर ठोकल्या आणि अकरा रांगा बसल्या. वळचणीची रीप मात्र जाड घेतली, कारण सर्वांत खालच्या कौलाला उचलून धरणारे दुसरे कौल खाली नसते. ते नाक खाली टाकते आणि त्याच्या व वरच्या रांगेच्या मध्ये फट पडते. पाखे घराच्या भिंतीला जेथे भिडते, तेथे पूर्वी सिमेंट थापले होते. ते दर उन्हाळ्यात तडकते. त्याऐवजी भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी बसवली.

जुनी कौले जवळजवळ सर्व पुन्हा वापरता आली. वाढलेल्या दोन रांगांपुरतीच नवी आणावी लागली. मिस्त्री म्हणाला, "कौलं चांगलीच होती, मास्तर. बसवणाऱ्यानं त्यांना एकमेकांना धरू दिलं नव्हतं."

पुढच्या आषाढात आम्ही मुद्दाम वादळाच्या दिवशी गेलो. कौलांवर पाऊस वाजत होता आणि वळचणीखाली पागोळ्यांची रांग लागली होती. क्वचित वाऱ्याबरोबर सूक्ष्म तुषार आत येत. कौलारू छपराखाली तेवढे सोसावे लागते. पण देवांपुढची समई तेवत होती, आणि तिच्या शेजारी ठेवलेले पातेले आईंनी उचलून फडताळात ठेवले होते.