‘तुम्ही’ म्हणजे कोण?

चि. वसुधा हिस,


तुझी कथा पोहोचली. थोरल्या भावाने बहिणीकडून वडिलोपार्जित घराच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली, त्या दुपारची हकीकत तू आरंभापासून अखेरपर्यंत ‘तुम्ही’ या संबोधनाने सांगितली आहेस. आणि अशा सांगण्याने वाचक आपोआप त्या भावाच्या जागी जाऊन बसेल व त्याच्याशी एकरूप होईल, ही तुझी अपेक्षा सोबतच्या चिठ्ठीवरून दिसते. या अपेक्षेविषयीच मला थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण द्वितीयपुरुषी निवेदन वाचकाला एकरूप करते ही समजूत सर्वत्र रूढ असली, तरी ज्या कादंबरीने हा प्रकार विसाव्या शतकात प्रतिष्ठेला नेला, तिचा अनुभव निराळाच आहे.

ती कादंबरी मिशेल ब्यूतोर या फ्रेंच लेखकाची ‘ला मोदिफिकासिओं’. ती 1957 साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला रनोदो पारितोषिक मिळाले. लेओं देल्मों नावाचा पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ, टंकलेखन यंत्रे विकणाऱ्या एका इटालियन कंपनीच्या पॅरिस शाखेचा प्रमुख, शुक्रवारी सकाळी पॅरिसहून रोमच्या गाडीत चढतो आणि शनिवारी पहाटे रोमला उतरतो, एवढेच तिचे बाह्य कथानक. पत्नी आंरिएत आणि चार मुले यांना सोडून रोममधील प्रेयसी सेसील हिला पॅरिसला आणावयाचे, तिच्यासाठी तेथे नोकरीही पाहून ठेवलेली आहे, हे सांगण्यासाठी तो गुप्तपणे निघाला आहे. आणि एरव्ही कंपनीच्या खर्चाने पहिल्या वर्गाने जाणारा हा मनुष्य आज पदरच्या पैशाने तिसऱ्या वर्गात बसला आहे. ही सारी हकीकत ‘तुम्ही’ या आदरार्थी संबोधनाने सांगितलेली आहे.

आता वाचकाचे काय होते ते पाहा. आरंभी त्या गृहस्थाला नाव नाही. डब्याच्या सरकत्या दारातून सामानासह अंग चोरून आत शिरण्याची धडपड, वयाने आलेला जडपणा, अपुरी झोप, एवढेच आपल्यापुढे येते, आणि ज्याने म्हणून आगगाडीचा प्रवास केला आहे तो या ‘तुम्ही’ला निमूटपणे होकार देतो. परंतु पुढे कंपनी येते, पत्नी येते, मुलांची नावे येतात, आणि प्रत्येक तपशिलाबरोबर वाचक मनातल्या मनात ‘हा मी नव्हे’ असे म्हणत एकेक पाऊल मागे सरतो. तोच गाडीतील उष्मा, अवघडलेले पाय, समोरच्या प्रवाशांविषयी मनात रचलेल्या कल्पित कथा अशी देहाची व रिकाम्या वेळाची वाक्ये परत येऊन त्याला पुन्हा जवळ ओढतात. ‘तो’ म्हटले असते तर वाचक पहिल्यापासून बाहेर राहिला असता, ‘मी’ म्हटले असते तर निवेदकाच्या शब्दावर विसंबून स्वस्थ बसला असता. ‘तुम्ही’ म्हटल्यामुळे मात्र प्रत्येक वाक्य स्वीकारावे की नाकारावे याचा निवाडा त्याला स्वतः करावा लागतो, आणि हा निवाडा करता करताच तो कादंबरीचा अर्थ लावीत असतो.

दुसरी गोष्ट काळाची. गाडीतला प्रवास वर्तमानकाळात आहे, मागील प्रवासांच्या स्मृती भूतकाळात आहेत, आणि रोमला पोहोचल्यावर सेसीलला कसे भेटावयाचे, कोठे जेवावयाचे, परत कोणत्या गाडीने निघावयाचे, हे सारे भविष्यकाळात आहे. ‘तो जाईल’ हे केवळ एक अनुमान असते; ‘तुम्ही जाल’ हे मात्र एखाद्या हुकुमासारखे किंवा भाकितासारखे ऐकू येते, आणि म्हणून त्यावर वाचकाचा विश्वास अधिक बसतो. ब्यूतोरचे कौशल्य असे की तीच भेट तो पुनःपुन्हा भविष्यकाळात सांगतो आणि प्रत्येक वेळी ती किंचित पालटते, फिकी पडते, अखेर रद्द होते. देल्मोंच्या संकल्पाला लागलेली कीड वाचकाला कोणत्याही टीपेवाचून क्रियापदांतूनच कळून येते.

परंतु हे सारे बोलतो कोण? 1961 साली कादंबरीतील पुरुषवाचक सर्वनामांवर लिहिलेल्या निबंधात ब्यूतोरने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते मला अत्यंत मोलाचे वाटते. ज्याला स्वतःची हकीकत सांगता येत नाही, अथवा सांगावयाची नाही, अशा माणसाला त्याचीच हकीकत सांगितली जाते तेव्हा द्वितीय पुरुष अवतरतो, असे त्याचे म्हणणे. आणि त्याने दृष्टान्त घेतला तो तपासाचा. जबानी देणारा गप्प बसला किंवा खोटे बोलला, म्हणजे तपास करणारा अंमलदार जमविलेला पुरावा जोडून, अमुक वाजता तुम्ही तेथे होतात, नंतर तुम्ही असे केलेत, असे त्याच्या तोंडावर मांडीत जातो. देल्मोंच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. सेसील पूर्वी एकदा त्याच्याबरोबर पॅरिसला आली होती, ती भेट पुरती फसली होती, आणि त्याचे प्रेम सेसीलपेक्षा तिच्या सहवासातील रोम नगरावरच अधिक जडलेले होते, ही गोष्ट तो स्वतःपासून लपवीत आला आहे. ‘मी’ म्हणून बोलू दिले असते तर त्याने ती लपविलीच असती. ‘तुम्ही’ म्हणणारा आवाज ती त्याच्याकडून हळूहळू कबूल करवून घेतो. म्हणूनच शेवटाकडे काही थोड्या ठिकाणी ‘मी’ उमटतो तेव्हा त्याला अर्थ येतो: जबानी आता त्याची स्वतःची झालेली असते, आणि ही हकीकत ग्रंथरूपाने लिहून काढण्याचा निश्चय तो करतो.

यावरून एक कसोटी निघते. ‘तुम्ही’च्या जागी ‘तो’ घालून परिच्छेद वाचावा. काहीच हरवले नाही, तर संबोधन केवळ अलंकार होता असे समजावे. तुझ्या कथेतील पहिली दोन पाने या कसोटीला उतरत नाहीत, कारण तेथे भाऊ स्वतःच्या मनातले सर्व जाणतो आणि तू ते सर्व सांगून टाकतेस. त्याच्यापासून लपलेले असे काहीच उरत नाही, मग त्याला त्याचीच हकीकत ऐकविण्याचे प्रयोजन काय? उलट मामलेदार कचेरीतून परतताना तो बहिणीसाठी मिठाई घेतो, तो परिच्छेद ‘तो’ घालताच मरून जातो. तेथे त्याने न विचारलेला प्रश्न कोणीतरी दुसरे विचारीत आहे.

ते दुसरे कोण, हे तू ठरविलेले नाहीस; वाचताना मला वाटत राहिले की ती बहीणच आहे. तसे असेल तर ‘तुम्ही’ पालटून ‘तू’ कर. मराठीत ‘तुम्ही आलात’ या शब्दांत स्त्री-पुरुष दोघेही सामावतात, पण ‘तू आलास’ म्हणताच स्त्री-वाचक त्या वाक्याबाहेर उभी राहते. तुझ्या कथेत ही हानी नसून लाभच होईल असे मला वाटते. कारण मग पुरुष-वाचक आरोपीच्या जागी बसेल, स्त्री-वाचक बोलणारीच्या शेजारी बसेल, आणि एकाच कथेचे दोन प्रामाणिक अर्थ लागतील. भावाच्या मनातले मात्र बहिणीला जेवढे दिसले किंवा तर्काने कळले तेवढेच लिही. बाकीचे नाकारण्याची वा कबूल करण्याची मोकळीक त्याला आणि वाचकाला राहू दे.

नवा खर्डा झाला की पाठव. घरी सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद.

तुझा,
काका