टोकनवरची चार अक्षरं वाचायला शिका

आपल्या पालिकेत तक्रार नोंदवली की बोटभर कागदाची चिठ्ठी मिळते. तारीख, विभाग आणि खाली 2O7P असं काहीतरी. बहुतेकांना वाटतं, कॉम्प्युटरने काढलेली ही कसलीतरी गुप्त खूण असणार. तसं काही नाही. हा साधा अनुक्रमांक आहे, फक्त आखूड करून लिहिलेला. कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत उलगडता येतो. आणि आमच्या गल्लीत गेल्या महिन्यात जे झालं ते बघता तो सगळ्यांना उलगडता यायलाच हवा, असं माझं मत झालंय.

आधी काय झालं ते सांगतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या नळाला ड्रेनेजचं पाणी मिसळून येत होतं. त्यांनी रीतसर तक्रार केली, टोकन मिळालं. आठवड्याने चौकशीला खिडकीवर गेल्या. तिथल्या क्लार्कने विचारलं, "काकू, टोकन सांगा." काकूंनी चिठ्ठी बघून सांगितलं, "दोन, शून्य, सात, पी." त्याने टाइप केलं आणि म्हणाला, "तुमची तक्रार तर निकाली निघालीय. बंद दाखवतंय." काकू म्हणाल्या, "अहो, अजून पाणी तसंच येतंय." "मग नवीन तक्रार टाका," एवढंच उत्तर. काकू घरी आल्या. अजून चार दिवस पाणी उकळून प्यायल्या.

आता गंमत बघा. त्याच दिवशी, त्याच पाण्याची तक्रार समोरच्या दादांनीही केली होती. त्यांचं टोकन 2O7B. ते मोबाइलवर आलेल्या मेसेजमधून कॉपी करून टाकायचे, आणि त्यांची तक्रार व्यवस्थित 'प्रलंबित' दिसत होती. पाणी एकच, दिवस एकच, मग एक तक्रार बंद आणि एक चालू कशी? दोन्ही टोकनं उलगडली तेव्हा कळलं.

उलगडायची रीत सोपी आहे. आपली रोजची पद्धत दशमान. 0 ते 9 अशी दहा चिन्हं, आणि डावीकडे सरकलं की प्रत्येक घराची किंमत दहापट. टोकनची पद्धत छत्तीसमान. दहा अंक संपले की पुढे A म्हणजे १०, B म्हणजे ११, असं करत Z म्हणजे ३५. एकूण चिन्हं छत्तीस, म्हणून प्रत्येक घर डावीकडे छत्तीसपट. एककाच्या घरानंतर ३६ चं घर, मग १,२९६ चं, मग ४६,६५६ चं. चार घरांत १६,७९,६१६ टोकनं बसतात. दशमानात तेवढ्यांना सात आकडे लागले असते. चिठ्ठी लहान, मेसेज लहान, सांगायलाही सोपं. लहान लिपी की मोठी, याचाही प्रश्न नाही, 2o7p आणि 2O7P एकच. कल्पना वाईट नाही.

काकूंचं 2O7P घ्या. यातलं दुसरं चिन्ह शून्य नाही, ते इंग्रजी ओ आहे, आणि ओची किंमत २४. म्हणजे २ गुणिले ४६,६५६ झाले ९३,३१२. २४ गुणिले १,२९६ झाले ३१,१०४. ७ गुणिले ३६ झाले २५२. P म्हणजे २५. बेरीज १,२४,६९३. काकूंची तक्रार ही एक लाख चोवीस हजार सहाशे त्र्याण्णवावी.

उलट जायचं तर ३६ ने भागत जा आणि बाकी उजवीकडून मांडत जा. १,२४,६९३ ला भागलं की ३,४६३ आणि बाकी २५, म्हणजे P. ३,४६३ ला भागलं की ९६ आणि बाकी ७. ९६ ला भागलं की २ आणि बाकी २४, म्हणजे O. उरले २. झालं 2O7P. हाताने नको असेल तर एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये ही दोन सूत्रं तेच करतात:

```
=DECIMAL("2O7P",36)
=BASE(124693,36)
```

आता ओच्या जागी शून्य ठेवा, जसं काकूंनी वाचलं आणि क्लार्कने टाइप केलं. 207P म्हणजे ९३,३१२ अधिक शून्य अधिक २५२ अधिक २५, म्हणजे ९३,५८९. तब्बल एकतीस हजार मागे! ते सव्वा वर्षापूर्वीचं, कुणाच्यातरी बंद पडलेल्या पथदिव्याचं टोकन होतं. दिवा लागला, तक्रार बंद. कॉम्प्युटरने विचारलेल्या टोकनची अचूक माहिती दिली, फक्त ते टोकन दुसऱ्याचं होतं. दादांचं 2O7B उलगडलं की १,२४,६७९ येतं, काकूंच्या चौदा आधीचं. एका दिवसाची दोन टोकनं एक लाख चोवीस हजारांतच असणार, त्र्याण्णव हजारांत नाही. चूक पकडायला एवढं पुरलं.

यात काकूंचा दोष नाही. त्या चिठ्ठीच्या छपाईत ओ आणि शून्य जुळ्या भावंडांसारखे दिसतात. क्लार्कचाही पूर्ण दोष नाही, जे सांगितलं ते त्याने टाइप केलं. दोष रचनेत आहे. छत्तीसही चिन्हं वापरली की बरीचशी चुकीची टोकनंसुद्धा कुणाची तरी खरी टोकनं असतात. 'असं टोकन नाही' असं उत्तर बऱ्याचदा येतच नाही. आपल्या पॅनकार्डात हा गोंधळ होत नाही, कारण तिथे पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर अशा जागा ठरलेल्या आहेत. जागेवरूनच कळतं ओ की शून्य. बँकेच्या आयएफएससी कोडात पाचवं चिन्ह कायम शून्यच असतं, तिथे लोक ओ टाइप करतात, पण नियम ठरलेला असल्याने चूक लगेच कळते. आपल्या टोकनात कुठल्याही जागी काहीही येऊ शकतं.

यावर जुना उपाय आहे, शेवटी एक पडताळ्याचं चिन्ह जोडणं. चिन्हांच्या किमती उजवीकडून एकदा अधिक, एकदा वजा अशा घ्यायच्या. 2O7P साठी २५ वजा ७ अधिक २४ वजा २ म्हणजे ४०. त्याला ३७ ने भागून बाकी ३. टोकन झालं 2O7P3. काकूंनी ओचं शून्य वाचलं असतं तर २५ वजा ७ अधिक ० वजा २, म्हणजे १६ आले असते. शेवटी मात्र ३ आहे. मेळ बसत नाही, म्हणून खिडकीवर 'टोकन पुन्हा तपासा' असं आलं असतं, पथदिवा नव्हे. कुठलंही एक चिन्ह चुकलं किंवा शेजारची दोन वेगळी चिन्हं उलटसुलट झाली तर हा पडताळा ते हमखास पकडतो. (बाकी ३६ आली तर तिला चिन्ह उरत नाही, तिथे फुली-चांदणी काहीतरी ठरवावं लागतं.)

पण इथे एक मेख आहे. माणूस एक ओ चुकीचा वाचतो तेव्हा शेजारचा दुसरा ओही तसाच वाचतो. 2OO7 चा पडताळा ७ वजा २४ अधिक २४ वजा २, म्हणजे ५. आणि 2007 चा? ७ वजा ० अधिक ० वजा २, तोही ५! दोन चुकांनी एकमेकींना खोडलं. I आणि 1 च्या जोडीचंही तेच. म्हणून नुसता पडताळा जोडून भागत नाही. O आणि I ही दोन अक्षरं यादीतून काढूनच टाकायला हवीत. मग चिन्हं उरतात ३४, पडताळ्यासाठी ३७ ऐवजी ३५ ने भागायचं, आणि कुणी ओ टाइप केला तर कॉम्प्युटरने तो खुशाल शून्य समजायचा, कारण दुसरं काही असूच शकत नाही. किंमत किती मोजावी लागते? चार घरांत १६.८ लाखांऐवजी १३,३६,३३६ टोकनं. जुन्या चार अक्षरी टोकनांचंही अडत नाही. नवी पाच अक्षरी असतील, लांबीवरूनच कळेल कुठल्या पद्धतीने उलगडायचं.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त काळजीची वाटते. आखूड करणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. 2O7P नंतर 2O7Q येणार हे शाळकरी पोरगंही सांगेल. स्थितीच्या पानावर टोकन टाकलं की तक्रारदाराचं नाव आणि मोबाइल दिसतो. कुणी अनधिकृत बांधकामाची तक्रार केली, तर ज्याच्याविरुद्ध केली तो त्या दिवसाच्या आसपासची साठ-सत्तर टोकनं एका चहात टाकून बघू शकतो. तक्रार कुणी केली हे त्याला कळू नये, असं आपण गृहीत धरतो. तसं ते नाही. यासाठी टोकन बदलायचीही गरज नाही. टोकनबरोबर मोबाइलचे शेवटचे चार अंक विचारा आणि पानावर नाव दाखवणं बंद करा, एवढं पुरे.

तोच अनुक्रम आपल्या उपयोगाचाही आहे. काकूंनंतर तीन आठवड्यांनी मिळालेलं एक टोकन 2PAK होतं. उलगडलं तर १,२६,०९२. वजाबाकी १,३९९. म्हणजे एकवीस दिवसांत जास्तीत जास्त चौदाशे टोकनं, दिवसाला साधारण सदुसष्ट. 'जास्तीत जास्त' अशासाठी, की मधले काही क्रमांक चाचणीत किंवा रद्द होऊन वाया गेले असू शकतात. शिवाय सगळ्या विभागांची मालिका एकच असेल तरच हा हिशोब धरायचा. आमच्या इथे पाणी आणि पथदिवे एकाच मालिकेत आहेत, हे वर दिसलंच. महिन्याच्या अहवालात किती तक्रारी आल्याचं लिहिलंय ते या आकड्याशी ताडून बघता येईल. त्यासाठी माहितीचा अर्जही लागत नाही, दोन चिठ्ठ्या लागतात.

प्रभागाच्या पुढच्या बैठकीत तीन मागण्या लेखी देतोय. टोकनमधून O आणि I काढा, पडताळ्याचं चिन्ह जोडा, आणि स्थिती दाखवताना मोबाइलचे शेवटचे चार अंक विचारा. सह्या करायच्या असतील त्यांनी कळवा.

तोवर एवढं करा. टोकन तोंडी सांगू नका, मेसेज दाखवा. सांगावंच लागलं तर 'ओ फॉर ऑरेंज' किंवा 'शून्य, आकडा' असं स्पष्ट सांगा. आणि 'तक्रार बंद' असं ऐकलं तर नवीन टाकण्याआधी विचारा, "कुठल्या तारखेची, कशाची आणि कुठल्या पत्त्यावरची तक्रार बंद झालीय, ते वाचून दाखवा." पत्ता तुमचा नसेल तर टोकन चुकलंय. तुमची तक्रार अजून चालू असू शकते.