आजीचा अंगठा

केडगावात मासा येतो तो लांबूनच. सुरमई, बांगडा मुंबईकडून रात्रीच्या गाडीने बर्फात येतात, रोहू-कटला राहुरीकडून मुळा धरणातून येतात, चिलापी उजनीची. त्यामुळे इथे मासा घेताना "ताजा आहे का?" या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. पाण्याबाहेर येऊन त्याला किती वेळ झाला आणि तो वेळ त्याने कसा काढला, हे विचारावं लागतं. असं विचारायला मला आजीने शिकवलं, आणि तेही समुद्राच्या काठावर, जिथे त्याची गरज सगळ्यात कमी होती.

आजी म्हणजे आईची आई. माहेर हर्णैचं, लग्नानंतर गिरगावात आलेली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो आणि घरात पाहुणे जेवायला असले की ती पहाटे मला उठवून ससून डॉकला न्यायची. कुलाब्याची ही गोदी १८७५ सालची, ससून घराण्याने कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली. पुढे कापूस गेला आणि मासळी राहिली. उजाडायच्या आत बोटी लागलेल्या असत, पाट्या वर येत, लिलाव बोलले जात आणि कोळणी माल उचलून शहरभर निघायच्या. त्या गर्दीत आजी माझं मनगट धरून चालायची. "हात लावू नकोस. आधी नुसतं बघ," ही तिची पहिली सूचना.

बघायचं ते एका माशाकडे नाही, सगळ्या वाट्याकडे. एकाच जाळ्यातले मासे सारखे दिसतात. काही चकचकीत आणि काही मलूल असले, तर कालचा माल आजच्यात मिसळलेला असतो. हे लांबूनच कळतं. मग ती वाकायची आणि अंगठ्याने माशाचा कल्ला उचलायची. अंगठा आत, बोटं बाहेर, हळूच. कल्ला फाटता कामा नये, कारण तो मासा अजून आपला नाही. आत लालभडक रंग आणि स्वच्छ, पातळ बुळबुळीतपणा असला की ती पुढे जायची. रंग विटकरी झाला की काही तास गेले. तपकिरी आणि वर चिकट थर असला की कोळणीने कितीही शपथा घेतल्या तरी आजी उठायची.

त्यानंतर तोच अंगठा पाठीवर. दाबला की मांस परत वर आलं पाहिजे. ठसा तसाच राहिला तर आतले धागे सुटायला लागलेले. पुष्कळ लोक ताठ मासा शोधतात, आणि ताठपणा ही चांगली खूण आहेच, पण ती मधलीच अवस्था आहे. नुकताच मेलेला मासा मऊ असतो, मग ताठतो, आणि पुन्हा मऊ पडतो. पहिला मऊपणा आणि शेवटचा मऊपणा यांतला फरक आजी पोटावर ओळखायची. शेवटच्या मऊपणात पोट ढिलं पडतं.

नाक सगळ्यात शेवटी. "गोदीत नाकाचं काय ऐकतेस? इथे सगळ्यालाच वास," असं ती म्हणायची. मासा उचलून कल्ल्याशी नाक नेलं तरच त्याचा स्वतःचा वास कळतो. ताज्या समुद्री माशाला समुद्राच्या पाण्याचा वास असतो. ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो, तो नंतर तयार होतो. समुद्रातल्या माशांच्या मांसात एक बिनवासाचं द्रव्य असतं, जिवाणू ते फोडतात आणि त्यातून तो उग्र वास सुटतो. हे मला कॉलेजात कळलं. आजीला कारण माहीत नव्हतं, क्रम पक्का माहीत होता.

प्रत्येक माशाची एक खासगी खूणही तिने शिकवली. पापलेटाच्या कल्ल्याजवळ दाबायचं. पांढरट पाणी आलं तर घ्यायचा, तांबूस आलं तर ठेवायचा. कोळंबीचं डोकं घट्ट पाहिजे आणि काळं नको. तिसऱ्यांचं शिंपलं उघडं दिसलं तर त्यावर टिचकी मारायची. मिटलं तर आतला जीव जिवंत. बोंबील तोंडाशी गुलाबी पाहिजे आणि अंगाने पांढरा. पिवळट झाला की संपला. बोंबलाच्या अंगात पाणीच इतकं की त्याला प्रवास सोसत नाही. आमच्या घाटावर म्हणूनच तो सुकवून येतो. नगर जिल्ह्यातल्या आठवडे बाजारांत सुक्या बोंबलाचे ढीग दिसतात, ओला बोंबील मात्र ज्याने समुद्रकाठी खाल्ला त्यानेच खाल्ला.

आजोबा गेल्यावर आई आजीला केडगावला घेऊन आली. पहिल्याच आठवड्यात आजीने विचारलं, "इथे मासळी कुठे मिळते?" मी तिला पहाटे नगरच्या बाजारात नेलं. त्या सकाळी तिला मी जितकी गंभीर पाहिली तितकी गोदीत कधीच पाहिली नव्हती.

थर्माकोलच्या खोक्यातून बांगडे निघत होते. डोळे पांढुरके होते. गोदीत एवढ्यावरच ती पुढे गेली असती, पण इथे थांबली. बर्फाला टेकून पडलेल्या माशाचा डोळा लवकर धुरकटतो, तेवढ्यावरून मासा टाकता येत नाही. तिने अंगठा घातला. कल्ले तपकिरी नव्हते, फिकट होते. "हे वितळलेल्या पाण्यात बसलेत," ती म्हणाली. बर्फाचं पाणी खोक्यातून निघून गेलं नाही तर कल्ल्याचा रंग धुतला जातो, म्हणजे बर्फातल्या माशाच्या बाबतीत डोळा आणि रंग या दोन्ही खुणा अर्ध्याच खऱ्या. उरतात पोट, पाठ आणि कल्ल्याशी नेलेलं नाक. तिने पोटावर अंगठा ठेवला आणि कातडी लगेच चिरली. बांगडा, तारली असे तेलकट मासे पोट भरलेलं असताना पकडले गेले की त्यांचेच पाचकरस आतून पोट खातात. थंडावा कमी पडला की हे झपाट्याने होतं. आपल्या हवेत किलोभर माशाला किलोभर बर्फ लागतो, थरावर थर, आणि पाणी जायला खाली वाट. त्या खोक्यात बर्फ वरच्यावर भुरभुरलेला होता.

बांगड्याबद्दल ती जास्तच कडक होती. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे काही तास उन्हात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. नंतर कितीही बर्फ घाला, कितीही तळा, ते जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. वाईट हे की असा मासा दिसायला चांगला असू शकतो. इथे डोळा, कल्ला, अंगठा काहीच खात्री देत नाही. आजीचा नियम एवढाच होता: पहिला घास जिभेला मिरीसारखा चरचरला तर थुंकायचं आणि सगळं पातेलं टाकून द्यायचं, कुणाच्या मेहनतीचा विचार करायचा नाही. ही चरचर प्रत्येक वेळी जाणवतेच असं नाही. म्हणून बर्फ कसा घातलाय हे मी मासा बघण्याआधी बघते.

बांगडे सोडून आम्ही शेजारी वळलो. तिथे भोई समाजातल्या एक बाई मुळेचा रोहू घेऊन बसल्या होत्या. कल्ले लाल, पाठ घट्ट. आजीने नाक नेलं आणि मागे घेतलं. "मातीचा वास येतोय."

"धरणाचा मासा आहे आजी, मातीचाच येणार," बाई म्हणाल्या. "समुद्राच्या नाकाने याला हुंगू नका. हा बिघडला की आंबूस येतो."

आजी खाली बसली. तिने त्यांना एकामागून एक प्रश्न विचारले: पहाटे काढला का रात्री, जाळ्यात किती वेळ मेलेला होता, खवले कसे बघायचे. त्या बाईंनी खवला नखाने उचलून दाखवला. ताज्या रोहूचा खवला जागा सोडत नाही, शिळ्याचा हाताला येतो. नदी-तळ्याच्या माशात ते समुद्री द्रव्य फारसं नसतं, म्हणून तो नासला तरी ओळखीचा उग्र वास तितका येत नाही, आणि नाकावर विसंबणारी कोकणातली माणसं इथे फसतात. मातीचा वास पाण्यातल्या शेवाळातून आणि सूक्ष्म जीवांतून माशाच्या मांसात येतो. त्याचा ताजेपणाशी संबंध नाही. आंबटाने तो कमी होतो. बाईंनी चिंचेच्या कोळात मुरवायला सांगितलं, आजीने घरी कोकमही वापरून पाहिलं आणि लिंबूही, आणि शेवटी चिंचच बरी म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आजीने त्या सकाळी दुसऱ्या पाण्याचा मासा शिकायला घेतला. मला तिचा जितका अभिमान त्या सकाळी वाटला तितका गोदीत वाटला नव्हता.

पुढे ती मरळीच्या प्रेमात पडली. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून थोड्या पाण्यात जिवंत विकायला ठेवता येते. जिवंत माशाचा कल्ला कशाला उचलायचा? तिच्या अंगावर लाल चट्टे किंवा जखमा आहेत का, ते बघायचं. थंडीच्या दिवसांत असा व्रणांचा रोग मरळीला होतो आणि तेव्हा ती घेऊ नये.

आजी जाऊन बराच काळ लोटला. आता १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या दिवसांत नगरात दिसणारी सुरमई बहुधा पूर्व किनाऱ्यावरून किंवा शीतगृहातून आलेली असते, आणि मी रोहू घेते. माझ्या मुलीला आणलेला मासा दिसतो तोच मुळी तुकड्यांत. अंगठा घालायला कल्लाच नाही. तिला मी एवढं शिकवलंय की तुकडा आडवा धरून मणक्याशी बघ. काट्याच्या कडेने मांस तांबूस-तपकिरी पडलं असेल किंवा थरांमध्ये फटी असतील तर नको. पिशवीत पाणी साठलं असेल तर मासा गोठवून वितळवलेला असू शकतो. आणि शक्य असेल तिथे अख्खा मासा समोर कापून घे, डोकं पिशवीत मागून घे. रविवारी तिने मासेवाल्याला डोकं मागितलं. त्याने "त्याचं काय करणार?" म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आधी कल्ला बघणार, मग कालवणात घालणार." तो हसला आणि खालच्या खोक्यातला दुसरा मासा काढून दाखवला. त्याचे कल्ले लाल होते. तिने तो घेतला.