रद्द ऑर्डरचे पैसे: बँकेत की वॉलेटात?

कांद्याच्या फवारणीसाठी पुतण्याने एका ॲपवरून बॅटरीचा पंप मागवला होता. ३,२०० रुपये यूपीआयने भरले. पंप येण्याची तारीख दोनदा पुढं गेली, म्हणून ऑर्डर रद्द केली. "तात्या, पैसे आले परत," म्हणाला. मी म्हटलं, बँकेत आले का? तर नाही, ॲपच्या वॉलेटात ३,३५० दिसत होते.

वॉलेटाचा हिशोब उघडून बघितला, तर त्यात दोन वेगळ्या रकमा होत्या. ३,२०० पंपाचे आणि १५० कॅशबॅकचे. कॅशबॅकला ९० दिवसांची मुदत होती. ती दुकानदाराने दिलेली सूट, ती बुडाली तर भांडता येत नाही. पण ३,२०० आपल्या घामाचे.

जे वॉलेट फक्त त्याच दुकानात चालतं, त्यातून रोख काढता येत नाही आणि त्याला रिझर्व्ह बँकेचे वॉलेटचे नियमही लागत नाहीत. मुदत दुकानदार ठरवील ती. त्यामुळं पैसा तिथं जाण्याआधीच अडवायचा. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना सांगितलंय, की परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने द्यायचा. ग्राहकाने स्वतः कबूल केलं तरच दुसरीकडं. म्हणून रद्द करताना Original payment method निवडा. वॉलेटात लगेच मिळतात आणि बँकेत यायला काही दिवस लागतात, एवढ्यावर भुलू नका. माल हातात आल्यावर रोख दिली असेल, तर बँक खातं किंवा यूपीआय आयडी मागतात, तो द्या.

पुतण्याला विचारलंच नव्हतं. आम्ही ॲपवर लेखी कळवलं: ऑर्डर नंबर, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि "वॉलेटात घ्यायला मी संमती दिलेली नाही" हे एक वाक्य. स्क्रीनशॉट ठेवला. सहाव्या दिवशी ३,२०० बँकेत आले, १५० गेले. नसते आले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणार होतो.

रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचं, अनेक दुकानांत चालणारं वॉलेट असेल तर गोष्ट वेगळी. २०२१ च्या नियमांप्रमाणं शेवटचे पैसे भरल्यापासून किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते आणि संपण्याआधीच्या ४५ दिवसांत मेसेज पाठवावा लागतो. मुदत संपली तरी शिल्लक लगेच कंपनीच्या खिशात जात नाही. किमान तीन वर्षं ती नफ्यात घेता येत नाही, आणि मुदतीनंतरही मागितली तर आपल्या बँक खात्यात द्यावी लागते. हे लई जणांना माहीत नाही. जुन्या फोनमधलं वॉलेट एकदा उघडून बघा.

गिफ्ट कार्ड परवान्याचं असेल तर रोख निघत नाही, पण मुदत वाढवून मागता येते. दुकानाच्या स्वतःच्या कूपनाला मात्र दुकानाचीच अट, ती मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली असते.