बंगारा, कंदा आणि मुत्तू



आम्ही विदर्भातले सैतवाळ, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. सूनबाई मात्र म्हैसूरकडची. धर्म एक, देव एक, देवळातली पूजासुद्धा ओळखीची. पण तिच्या माहेरी सगळं बोलणं कानडीत. विहीणबाईंना हिंदी जेमतेम येतं आणि मला कानडीचा गंध नाही. आमचं सगळं हसण्यावर आणि हातवाऱ्यांवर चालायचं.

नात झाली तेव्हा बाळंतपणासाठी सूनबाई माहेरीच होती. बारशाला मी आठ दिवस आधी गेले. पहिल्याच सकाळी विहीणबाई पाळण्यावर वाकून म्हणाल्या, "नन्न बंगारा!" 'नन्न' म्हणजे 'माझं' हे मला सूनबाईमुळे माहीत होतं. पण पुढचं ऐकून मी जागच्या जागी थिजले. त्या घरात 'भ'चा 'ब' आणि 'ख'चा 'क' होतो हे मी आदल्या दिवशीच टिपलं होतं. माझ्याशी हिंदी बोलताना विहीणबाईंनी 'खाना'चं 'काना' केलं होतं. तोच हिशेब इथे लावला आणि कानांनी 'बंगारा'चं सरळ 'भंगार' केलं. पहिली नात, आणि ती मुलगी म्हणून भंगार?

कुणाला विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडलं असतं. पण मी मनात धरून बसले. त्यात त्या दिवसभर बाळाला 'कंदा, कंदा' म्हणायच्या. कांदा तर आपल्याकडे घरातसुद्धा येत नाही, चातुर्मासात तर नावही नको, आणि इथे लेकराला हाक मारायला तो! बारसं आटोपून परत आले ती फुगूनच. पुढे जवळजवळ दोन महिने मी त्यांना फोन केला नाही. त्यांचा आला की "देवपूजेला बसलेय" असं यांना सांगायला लावलं. तेही खोटंच.

दशलक्षण आलं. उत्तम क्षमेवरचं प्रवचन ऐकताना मन काही स्थिर होईना. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांना फोन केले, शेवटी त्यांनाही केला. मुलाने सूनबाईला मध्ये घेतलं आणि मी जे मनात होतं ते बोलून टाकलं. पलीकडे आधी शांतता, मग सूनबाई हसू दाबत म्हणाली, "आई, बंगारा म्हणजे सोनं. आणि कंद म्हणजे तान्हं बाळ."

मी हातातल्या बांगडीकडे बघत राहिले. 'कंद'मध्ये 'क' ऱ्हस्व आहे, आपल्या 'कांद्या'त 'का' दीर्घ. एवढा फरक ऐकू यायला हवा होता. आणि 'बंगारा'त 'भ' मुळी नव्हताच, तो माझ्याच कानांनी आणला. विहीणबाई मात्र रागावल्या नाहीत. उलट त्यांनीच विचारलं, मराठीत भंगार म्हणजे काय? सूनबाईने सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की फोन खाली ठेवावा लागला.

गंमत पुढे कळली. गोव्यातल्या आमच्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, कोकणीत सोन्याला भांगरच म्हणतात. आणि आपल्या जुन्या मराठीतही 'भांगार' म्हणजे सोनंच होतं. आपणच तो शब्द विसरलो आणि मोडीच्या गाडीवरचा तेवढा लक्षात ठेवला.

त्यानंतर मी रीतसर शिकायला लागले. म्हणून चुका थांबल्या असं नाही. पुढच्या खेपेला विहीणबाई नातीला म्हणाल्या, "मुत्तु कोडु." मला वाटलं पोरीने मुतलं, मी धावत जाऊन कोरडं दुपटं घेऊन आले. त्या तर पापी मागत होत्या! मुत्तु म्हणजे मोती, आणि लाडाने पापीसुद्धा. तो धडा मी चांगला पाठ केला, जरा जास्तच. नातीच्या मनगटात घालायला मोती घ्यायला आम्ही सराफाकडे गेलो, तर मी मोठ्या ऐटीत गल्ल्यावरच्या वयस्क गृहस्थांना म्हणाले, "मुत्तु कोडी." कोडी म्हणजे द्या. ते बिचारे खाली मान घालून कपाट उघडू लागले. सूनबाईने माझा पदर ओढला. दुकानात 'मुत्तु तोरिसी' म्हणायचं, म्हणजे मोती दाखवा. देण्याची भाषा फक्त नातवंडांशी. तुमच्यापैकी कुणाची विहीण कानडी असेल तर एवढं लिहून ठेवा.

आता नात तीन वर्षांची आहे. मी बंगारा म्हणते, विहीणबाई फोनवर मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम 'सोन्या' म्हणतात. परवा गल्लीत भंगारवाला ओरडत गेला, तर ही दारापर्यंत पळाली, आपल्यालाच बोलावतायत म्हणून.