पहिल्या नंबरचा सिनेमा आणि मावशीचे बटाटे

पावसाळ्यात शनिवार-रविवार आले की लोणावळ्याची माणसं शक्यतो घराबाहेर पडत नाहीत. भुशी धरणाचा रस्ता मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी तुंबलेला असतो आणि दूध आणायला निघालेला माणूस तासाभरानं परततो. अशाच दिवसांत भाच्यानं ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाची शंभर सर्वोत्तम चित्रपटांची यादी छापून फ्रिजवर चिकटवली. शेजारी दोऱ्यानं पेन बांधलेलं. एक नंबरपासून सुरुवात करायची आणि बघून झालं की खोडायचं, असा बेत होता. बारावीच्या टाइमटेबलसारखाच तो दिसत होता.

मी त्याला एवढंच विचारलं, की हे नंबर पडतात कसे?

हे मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना कौल मागतं. प्रत्येकानं दहा सिनेमे लिहून द्यायचे. त्या दहांत पहिला-दुसरा असं काही नाही, दहाही सारखेच. ज्याचं नाव जास्त जणांनी लिहिलं तो वर. 2012 साली 846 जणांनी याद्या पाठवल्या आणि हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ 191 मतांवर पहिला आला. म्हणजे चारातल्या तिघांहून अधिक जाणकारांनी त्याला आपल्या दहांत घेतलंच नव्हतं. दुसऱ्या क्रमांकाच्या ‘सिटिझन केन’ला 157 मतं होती. खाली उतरत जावं तशी दोन सिनेमांतली फट इतकी बारीक होते, की अनेकांना एकच क्रमांक वाटून घ्यावा लागतो. पन्नासावा सिनेमा सत्तराव्यापेक्षा सरस आहे, असं ही यादी म्हणतच नाही. तसं आपण वाचतो.

मतदार बदलले की यादीही हलते. 2022 च्या कौलात 1,639 जण होते, आधीच्या जवळपास दुप्पट. पहिला आला बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमनचा 1975 चा ‘जान डिलमन’. दहा वर्षांपूर्वी तो पहिल्या तिसातही नव्हता. त्याच वर्षी दिग्दर्शकांचा वेगळा कौल घेतला, तर तिथे कुब्रिकचा ‘2001: अ स्पेस ओडिसी’ पहिला. 1952 मध्ये पहिला आलेला ‘बायसिकल थीव्ह्ज’ समीक्षकांच्या यादीत आता चाळिसाच्या आसपास आहे. सिनेमा तोच, रीळही तेच.

‘जान डिलमन’ आम्ही लावला तो पहिल्या नंबरचा मान म्हणून नव्हे, मावशीसाठी. तिनं कितीतरी वर्षं खानावळ चालवली आहे. आणि हा तीन तास एकवीस मिनिटांचा सिनेमा म्हणजे ब्रुसेल्समधल्या एका विधवेचं तीन दिवसांचं घरकाम आहे. ती अंथरूण आवरते, बूट पुसते, बटाटे सोलते, दुपारी घरी एक गिऱ्हाईक घेते, संध्याकाळी मुलाला वाढते. कॅमेरा जागचा हलत नाही. बोलणं इतकं कमी, की खालची इंग्रजी अक्षरं वाचली नाहीत तरी फारसं अडत नाही.

पहिला दिवस एका बैठकीत बघितला, दुसरा दुसऱ्या दिवशी. भाचा मोबाइलकडे वळायला लागला होता. मावशी मात्र स्वयंपाकघरावर डोळा ठेवून होती. दुसऱ्या दुपारी गिऱ्हाइकाला निरोप द्यायला ती बाई बाहेर येते, केस थोडे विस्कटलेले. मावशी लगेच म्हणाली, “अरे, हिचे बटाटे चुलीवरच आहेत ना? गेले ते.” आणि खरंच, झाकण उघडलं तर बटाटे शिजून गेलेले. बाई ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते. कुठे ठेवावं हेच तिला सुचत नाही. सिनेमातला सगळा घोळ इथून सुरू होतो आणि तो मावशीला आमच्या आधी कळला होता. पुढचं सांगत नाही, शेवट वेगळाच आहे. भाच्यानं मोबाइल उलटा ठेवला, तो तिसरा दिवस संपेपर्यंत.

त्यानंतर खोडाखोडी बंद झाली. त्याला स्वतःला काय बघायचंय, हे यादीआधी ठरवायला हवं होतं. त्याचे आवडते सिनेमे दोन : नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ आणि चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. का आवडतात, यावर बरंच बोलल्यावर एक धागा हाती लागला. दोन्हींत कधी अभिनय न केलेली माणसं आहेत. ‘फँड्री’चा जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, आणि ‘कोर्ट’मधला शाहीर, म्हणजे वीरा साथीदार, डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मग तोच धागा धरून शंभरांतून निवड केली. ‘बायसिकल थीव्ह्ज’चा नायक लाम्बेर्तो माज्योरानी हा कारखान्यातला कामगार होता. किआरोस्तामीचा ‘क्लोज-अप’ तर याहून पुढे जातो : दिग्दर्शक मखमलबाफ असल्याची बतावणी करून एका घरात शिरलेला माणूस, फसलेलं कुटुंब आणि खुद्द मखमलबाफ, सगळे स्वतःच्याच भूमिकेत. त्यात कोर्टही आहे. ‘कोर्ट’ आवडलेल्या मुलाला त्याची शिफारस करावी लागली नाही. समीक्षकांच्या यादीत तो सतरावा आहे, हे त्याला नंतर कळलं.

या कौलाची खरी मौज निकालात नाहीच. मासिक प्रत्येक मतदाराची दहांची यादी त्याच्या नावासकट जाहीर करतं. आपल्या आवडीचा एखादा कमी गाजलेला सिनेमा ज्यानं लिहिलाय असा मतदार शोधायचा आणि त्याचे उरलेले नऊ बघायचे. दोन-तीन ओळखीची नावं निघाली, तर त्या माणसाची आवड आपल्याशी जुळते असं धरायला हरकत नाही. सगळीच अनोळखी निघाली, तर पुढचा मतदार. बेरजेत हरवलेले सिनेमे असे हाती लागतात.

यादीत काय नाही, हेही बघावं. 2022 च्या शंभरांत भारतीय सिनेमा एकच, ‘पथेर पांचाली’, पस्तिसावा. त्याच वर्षी चित्रपट समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या भारतीय शाखेनं आपले दहा सर्वोत्तम भारतीय चित्रपट निवडले; त्यात मराठी एकही नाही. वाईट वाटून घेण्याआधी विचार करावा, की अर्जेंटिनातला समीक्षक मराठी सिनेमा बघणार कुठे? मत पडायला आधी चांगली प्रत आणि उपशीर्षकं त्याच्यापर्यंत पोचावी लागतात. ‘पथेर पांचाली’ला ती वाट मिळाली. 1993 साली लंडनमधल्या आगीत होरपळलेल्या निगेटिव्हवर मेहनत घेऊन तयार केलेली नवी प्रत 2015 मध्ये जगभर फिरली.

म्हणून आमच्या फ्रिजवरच्या कागदावर तळाला हातानं एक नाव लिहिलंय : ‘संत तुकाराम’, 1936. दामले-फत्तेलालांचा, प्रभातचा, 1937 च्या व्हेनिस महोत्सवात गौरवलेला. तुकारामाचा भंडारा डोंगर मावळातलाच, त्यामुळे इथल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आत वळलेला, आणि गौरीची जिजाई मुलाच्या आजारपणानं पेटून चप्पल घेऊन थेट देवळात विठ्ठलाला जाब विचारायला जाणारी. मावशीनं या सिनेमात तुकारामाकडे फारसं लक्ष दिलं नाही. घर कोण चालवतंय, हेच ती बघत होती.

‘2001’ समोर भाच्यानं फुली नाही, चौकोन काढून ठेवलाय. तो घरच्या पडद्यावर बघायचा नाही, असं ठरलंय. पुण्यात कुठे मोठ्या पडद्यावर लागला तर लोकलनं जायचं; पण खेळ संपून लोणावळ्याची परतीची लोकल मिळत असेल तरच.