दिवसाला एकोणपन्नास रुपये

मी मुंबईत फंड अकाउंटिंगचं काम करते. म्हणजे बाजार बंद झाला की आमचं काम सुरू होतं. फंडाकडे आज कोणते शेअर किती आहेत, त्यांचा बंद भाव काय, कुणाचा लाभांश यायचा आहे, कुणाला पैसे द्यायचे आहेत, हे सगळं जुळवून रात्रीपर्यंत एक आकडा काढायचा: एनएव्ही. तुमच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये सकाळी जो आकडा हिरवा किंवा लाल दिसतो, तो.

या हिशोबात एक ओळ असते जी बाहेरच्या माणसाला कधीच दिसत नाही. फंडाचा वर्षाचा खर्च, ज्याला एक्सपेन्स रेशो म्हणतात, तो आम्ही वर्षाच्या शेवटी कापत नाही. त्याचे ३६५ भाग करतो आणि रोज एक भाग वजा करतो. रविवारी, दिवाळीला, बाजार पडला त्या दिवशीसुद्धा. तुमच्या पासबुकात 'शुल्क' म्हणून त्याची नोंद येत नाही, कारण एनएव्ही तुमच्यापर्यंत पोचते तेव्हा तो आधीच कापलेला असतो. विजेचं बिल पाचशेनं वाढलं तर घरात चर्चा होते. या बिलावर कुणी बोलत नाही, कारण ते येतच नाही.

आमच्या घरात ते बोलणं झालं आईच्या दहा लाखांमुळे. तिच्या पोस्टातल्या ठेवींची मुदत संपली होती आणि मामा फॉर्म घेऊन घरी आला होता. मामा म्युच्युअल फंडांचा वितरक आहे. आई २०१७ साली निवृत्त झाली तेव्हा तिचे सहा लाख त्यानेच एका लार्ज कॅप फंडात घातले, ते आता पंधराच्या आसपास आहेत. "ताई, हे दहापण तिकडेच टाकू," तो म्हणाला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

फंड वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पण त्याचा खर्च होता १.८ टक्के. दहा लाखांवर वर्षाला अठरा हजार, म्हणजे दिवसाला एकोणपन्नास रुपये. निफ्टी ५० वर चालणारे डायरेक्ट प्लॅनचे इंडेक्स फंड ०.२ टक्क्यांच्या आसपास मिळतात. तिथे तेच दिवसाला साडेपाच रुपये.

रोजचे हे चव्वेचाळीस रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. म्हणून मी पंधरा वर्षांचा हिशोब मांडला. समजा दोन्हीकडचे शेअर खर्चाआधी वर्षाला ११ टक्के वाढले. (वाढतीलच असं नाही, पण तुलनेसाठी एक आकडा धरावा लागतो.) इंडेक्स फंडात दहा लाखांचे सुमारे ४६ लाख ५७ हजार होतात. मामाच्या फंडात ३७ लाख ४४ हजार. फरक नऊ लाखांच्या वर, म्हणजे आई आज जेवढे घालणार होती जवळजवळ तेवढेच. कापलेला प्रत्येक रुपया पुढची सगळी वर्षं वाढायचा थांबतो, म्हणून हा फरक एवढा फुगतो.

मामाचं यावर उत्तर तयार होतं आणि ते चुकीचंही नव्हतं. "अगं, खर्च जास्त असेल, पण मॅनेजर बाजारापेक्षा जास्त कमावून देतो की! त्याचाच तर पगार आहे."

मग प्रश्न असा उरतो, की मॅनेजर नेमकं वेगळं काय करतो? हे तपासायला आतल्या माहितीची गरज नाही. प्रत्येक फंड दर महिन्याला आपल्याकडचे सगळे शेअर जाहीर करतो. त्या यादीत प्रत्येक कंपनीचा फंडातला वाटा आणि निफ्टीतला वाटा शेजारी शेजारी लिहायचा. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा आणि असे सगळे लहान आकडे बेरजेला धरायचे. एखाद्या बँकेचा फंडात ९ टक्के वाटा आणि निफ्टीत १२ असेल, तर ९ धरायचे. निफ्टीत नसलेल्या कंपनीचे शून्य. जी बेरीज येते, तेवढा फंड म्हणजे निफ्टीच.

आईच्या फंडाची बेरीज साठ आली. यात नवल नाही. सेबीच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे लार्ज कॅप फंडाने किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांत ठेवायचे असतात. त्या शंभरातल्या जवळपास निम्म्या निफ्टीत आहेत आणि सगळ्यांत मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेक त्यांच्यातच आहेत. मॅनेजरला खेळायला अंगणच तेवढं.

पण आता खर्चाकडे पुन्हा पाहा. इंडेक्स फंडापेक्षा १.६ टक्के जास्त आपण संपूर्ण दहा लाखांवर देतो. मॅनेजरची अक्कल मात्र फक्त चाळीस टक्क्यांत चालते, उरलेले साठ तर निफ्टीबरोबर चढतात आणि पडतात. म्हणजे त्या चाळीस टक्क्यांनी दरवर्षी बाजारापेक्षा ४ टक्के जास्त कमवायला हवं, तेव्हा कुठे आपण इंडेक्स फंडाच्या बरोबरीला येतो. पुढे नाही, बरोबरीला. एखाद्या वर्षी हे सहज जमतं. पंधरा वर्षं जमणं वेगळं, आणि ज्याला जमेल तो मॅनेजर आजच ओळखणं त्याहून वेगळं.

एस अँड पी डाऊ जोन्स इंडायसेस ही संस्था स्पिवा नावाचा अहवाल काढते, त्यात भारताचाही भाग असतो. दहा वर्षांच्या मुदतीत लार्ज कॅप फंडांपैकी बहुसंख्य आपल्या निर्देशांकामागे राहिलेले त्यात पुन्हा पुन्हा दिसतात. मला त्यातली मोजायची पद्धत जास्त आवडते. मध्येच बंद झालेले किंवा दुसऱ्यात विलीन केलेले फंडही त्यात धरलेले असतात. अ‍ॅपवर आपण 'दहा वर्षांचा परतावा' पाहतो तेव्हा फक्त टिकलेले दिसतात. वर्गात नापास झालेल्यांची नावं पटावरून काढून मग सरासरी काढावी, तसं ते आहे.

मिड कॅप आणि स्मॉल कॅपचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिथे कमी अभ्यासलेल्या कंपन्या असतात, चांगल्या मॅनेजरला काही सापडू शकतं. त्यामुळे सगळेच सक्रिय फंड निकामी, असं मी म्हणणार नाही. माझा मुद्दा आईच्या या लार्ज कॅप फंडापुरता होता.

आता इंडेक्स फंडाकडे वळू, कारण तोही आपोआप निफ्टीएवढं देत नाही. माझ्या टेबलावर त्याचे हिशोब येतात, म्हणून माहीत आहे. निर्देशांक हा कागदावरचा असतो, फंड खऱ्या पैशांचा. निर्देशांकात लाभांश ज्या दिवशी शेअर एक्स-डिव्हिडंड होतो त्याच दिवशी गुंतवला असं धरतात. फंडाच्या बँकेत तो कधी कधी काही आठवड्यांनी येतो. कुणी पैसे काढले तर द्यायला थोडी रोकड बाजूला ठेवावी लागते आणि बाजार चढला तर ती मागे राहते. मार्च आणि सप्टेंबरअखेर निफ्टीतल्या कंपन्या बदलतात. निर्देशांक हा बदल फुकटात करतो, फंडाला दलाली आणि कर भरावे लागतात.

कधी याहून चमत्कारिक प्रसंग येतात. जुलै २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली आणि निफ्टी ५० मध्ये काही आठवडे चक्क एक्कावन्न कंपन्या होत्या. ऑगस्टमध्ये तिची नोंदणी झाल्यावर शेअरला लागोपाठ लोअर सर्किट लागलं. सगळ्या इंडेक्स फंडांना विकायचं होतं आणि घ्यायला कुणी नव्हतं. शेवटी निर्देशांकातून तिला काढण्याची तारीखच पुढे ढकलावी लागली.

या सगळ्यामुळे पडणारा फरक मोजायला दोन आकडे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. ट्रॅकिंग एरर म्हणजे रोजच्या फरकातली डगमग. ट्रॅकिंग डिफरन्स म्हणजे ठरावीक काळात फंड एकूण किती मागे पडला ते. रोज नेमकी आठ मिनिटं उशिरा येणारी लोकल घ्या. तिच्या वेळेत डगमग काहीच नाही, पण तुम्ही रोज आठ मिनिटं उशिराच पोचता. एखाद्या फंडाने १ टक्का खर्च रोज सारखा कापला, तर त्याचं ट्रॅकिंग एरर सुंदर दिसेल आणि तुमचा एक टक्का दरवर्षी जातच राहील. सेबीने मे २०२२ मध्ये इंडेक्स फंडांचं ट्रॅकिंग एरर सर्वसाधारणपणे २ टक्क्यांच्या आत ठेवायला आणि ट्रॅकिंग डिफरन्स दर महिन्याला जाहीर करायला सांगितलं. लांब मुदतीसाठी दुसरा आकडा पाहा. तो जवळपास खर्चाएवढाच असेल, तर फंड नीट चालवला जातोय. खर्च ०.२ आणि फरक ०.६ असेल, तर मधले ०.४ कुठे गेले ते विचारा.

आणि तुलना टीआरआयशी, म्हणजे लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी करा. टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीत लाभांश नसतो. फेब्रुवारी २०१८ पूर्वी फंड आपली तुलना सर्रास त्या बिनलाभांशाच्या निफ्टीशी करत, स्वतःला मिळालेला लाभांश मात्र परताव्यात मोजत. वर्षाचा एक-दीड टक्का असा बसल्या जागी 'जिंकला' जायचा.

हे सगळं मी मामासमोर मांडलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "मार्च वीस आठवतो?"

आठवत होता. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३६२ वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. आई रोज फंड विकायचा म्हणत होती आणि मामा रोज फोन करून तिला थांबवत होता. ती थांबली. इंडेक्स फंड त्या पडझडीत निफ्टीएवढाच पडला, त्याला वाचवायची सोय त्यात नसतेच. आणि डायरेक्ट प्लॅनमध्ये असा फोन करणारं कुणी नसतं. १.८ टक्क्यांतला जवळपास निम्मा भाग हा रेग्युलर आणि डायरेक्ट प्लॅनमधला फरक आहे, आणि त्यातून मामासारख्याचं कमिशन जातं. तो फोन फुकट नव्हता, पण निरुपयोगीही नव्हता.

मी आईला दोन्ही आकडे सांगितले. जुन्या पंधरा लाखांवर डायरेक्टच्या मानाने वर्षाला साडेतेरा हजार जास्त जातात. ते हलवायचे तर तो विकणंच ठरतं, अगदी त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये गेलं तरी. सध्याच्या नियमाने वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. म्हणजे हळूहळू, वर्षावर्षाने हलवावे लागतील.

"जुने राहू देत," आई म्हणाली. "तो नऊ वर्षांनीसुद्धा फोन करेल ना?" नवे दहा लाख तिने इंडेक्स फंडात घातले, स्वतःच्या फोनवरून, सहा महिन्यांत विभागून. मी बाजूला बसले होते. मामाने ओटीपी येईपर्यंत थांबून चहा घेतला आणि जाताना मला विचारलं, की त्याच्या आणखी तीन फंडांची ती बेरीज मी काढून देईन का.

त्यातली दोन मी काढली आहेत. एक अठ्ठेचाळीस आहे, दुसरी एकाहत्तर.